पगार आणि पत

दरमहा ठरलेल्या तारखेला खात्यात जमा होणारा पगार आणि बँकेच्या दृष्टीने त्या पगारदाराची पत या दोन गोष्टी सामान्य व्यवहारात एकच मानल्या जातात आणि म्हणूनच कर्जाचा अर्ज नामंजूर झाल्यावर 'नोकरी पक्की असताना कर्ज का नाही' हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. ज्याला बोलीभाषेत सरसकट 'सिबिल' म्हणतात त्या पतगुणांकाची घडण पाहिली, म्हणजे या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते, कारण ज्या नोंदींवरून हा गुणांक काढला जातो त्यांत पगाराला स्थानच नसते. काही अहवालांत उत्पन्नाचा रकाना दिसतो, परंतु त्यातील आकडा कर्ज किंवा कार्ड घेताना अर्जदाराने सांगितलेला आणि पुष्कळदा जुना झालेला असतो, आणि गुणांकाच्या गणितात तो धरला जात नाही. गुणांक उसन्या पैशाशी माणूस आजवर कसा वागला एवढेच सांगतो. तो किती कमावतो हे सांगत नाही.

भारतात अशा नोंदी एकत्र ठेवण्याची कल्पना फार जुनी नाही. एका बँकेचे कर्ज बुडवून दुसऱ्या बँकेत नवा अर्ज करणाऱ्याचा पूर्वेतिहास दुसऱ्या बँकेला कळण्याचा मार्गच नव्हता, आणि या अडचणीवर रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या एन. एच. सिद्दीकी यांच्या अभ्यासगटाने १९९९ मध्ये पतमाहिती संस्था स्थापन करण्याची शिफारस केली. त्यानुसार २००० मध्ये मुंबईत 'क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड' ही कंपनी उभी राहिली, जिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा 'सिबिल' हा शब्द पुढे गुणांकाचेच दुसरे नाव होऊन बसला. वैयक्तिक कर्जदारांची माहिती बँकांना पुरवण्याचे तिचे काम २००४ मध्ये सुरू झाले, पतमाहिती कंपन्यांचे नियमन करणारा २००५ चा कायदा डिसेंबर २००६ मध्ये अमलात आला आणि आज ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या हे काम करतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१५ च्या आदेशानुसार प्रत्येक बँकेला आणि वित्तसंस्थेला या चारही कंपन्यांचे सभासद व्हावे लागते, तरीही चौघींचे गणित वेगवेगळे असल्यामुळे एकाच माणसाचे चार गुणांक थोडेफार निराळे येतात, आणि त्यात कोणतीही चूक नसते.

गुणांक ३०० ते ९०० या पट्ट्यात असतो. तो काढण्याचे नेमके सूत्र कंपन्या जाहीर करत नाहीत, परंतु त्यामागचे तत्त्व गुप्त नाही. पूर्वी कर्जे घेतलेल्या लक्षावधी लोकांच्या नोंदी घेऊन, त्यांतील ज्यांचे हप्ते पुढे ९० दिवसांहून अधिक थकले त्यांच्या आधीच्या वागण्यात कोणती लक्षणे सारखी होती, हे संख्याशास्त्राने शोधले जाते. तीच लक्षणे नव्या अर्जदाराच्या नोंदींत कितपत आढळतात यावरून त्याचा आकडा ठरतो. नव्वद दिवसांची ही सीमा बँकांच्या हिशोबातून आलेली आहे, कारण मुद्दल किंवा व्याज त्याहून अधिक काळ थकले की त्या कर्जाला अनुत्पादक ठरवून त्यापोटी बँकेला आपल्या नफ्यातून तरतूद करावी लागते. म्हणजे गुणांक हा स्वभावाचा दाखला नसून एका विशिष्ट घटनेच्या शक्यतेचा अंदाज आहे, आणि अंदाज असल्यामुळे एखाद्या प्रामाणिक माणसाच्या बाबतीत तो चुकूही शकतो.

हे गणित प्रत्यक्षात कसे चालते हे समजण्यासाठी नमुन्यादाखल कल्पिलेल्या एका अर्जदाराचा हिशोब शेवटपर्यंत करून पाहणे सोयीचे ठरेल. हा अर्जदार नवी मुंबईत जुईनगरला भाड्याच्या घरात राहतो, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्यात बारा वर्षे कायम नोकरीत आहे, भविष्यनिर्वाह निधी आणि कर वजा जाता त्याचा पगार ६६,००० रुपये होतो, आणि त्यातून कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेचा ६,००० रुपयांचा हप्ता परस्पर कापला जाऊन ६०,००० रुपये त्याच्या हाती येतात. २०२५ मध्ये तो जुईनगरमध्येच एक जुने घर विकत घेण्यासाठी ३५ लाख रुपयांच्या गृहकर्जाचा अर्ज करतो आणि तो अर्ज नामंजूर होतो. त्याने आयुष्यात जाणूनबुजून एकही कर्ज बुडवलेले नाही, हे इथे मुद्दाम लक्षात ठेवले पाहिजे.

त्याच्या पतअहवालात पहिली नोंद क्रेडिट कार्डाची आहे. कार्डाची मर्यादा ६०,००० रुपये असून घरातला किराणा, वीजबिल आणि मुलांच्या शाळेची फी त्यावरच भरली जात असल्याने दरमहा साधारण ५४,००० रुपयांचे बिल येते, आणि तो ते मुदतीच्या आत पूर्ण भरतो. त्याच्या दृष्टीने हे कर्जच नव्हे, कारण त्यावर तो एक रुपयाही व्याज देत नाही. परंतु कार्ड देणारी बँक पतमाहिती कंपनीला जो आकडा पाठवते तो विशिष्ट तारखेला येणे असलेल्या रकमेचा असतो, आणि ती तारीख बिल निघाल्यानंतरची पण पैसे भरण्यापूर्वीची असली तर अहवालात मर्यादेच्या ९० टक्के रक्कम वापरलेली दिसते. मर्यादेच्या काठावर सतत वावरणारे लोक पुढे अडचणीत येण्याचे प्रमाण अधिक, असे जुन्या नोंदी सांगत असल्यामुळे इथे गुण कमी होतात, मग बिल वेळेवर भरलेले का असेना. वापर मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत ठेवावा असा जो सल्ला दिला जातो तो कोणत्याही नियमात लिहिलेला नाही, तो केवळ अनुभवाचा ठोकताळा आहे. मात्र या नोंदीचे एक वैशिष्ट्य असे, की ती जितक्या लवकर बिघडवते तितक्याच लवकर सुधारतेही, कारण बहुतेक गणितांत प्रामुख्याने ताज्या शिलकीकडे पाहिले जाते.

दुसरी नोंद दुकानातूनच हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलची आहे. हप्ता ३,००० रुपयांचा, कापला जाण्याची तारीख ५, आणि पगाराची तारीख ७. एरवी खात्यात शिल्लक असे, पण एका महिन्यात ती नव्हती, हप्ता परत गेला, आणि दंडासह तो भरायला २० तारीख उजाडली. पंधरा दिवसांच्या या उशिराचा परिणाम कसा होतो हे समजण्यासाठी अहवालातील एक रकाना पाहावा लागतो, ज्यात प्रत्येक कर्जापुढे मागील ३६ महिन्यांची चौकट असते आणि प्रत्येक महिन्याच्या घरात 'किती दिवस थकले' हा आकडा लिहिलेला असतो: वेळेवर भरले असल्यास 000, अन्यथा थकलेले दिवस. बँका ही माहिती पूर्वी महिन्यातून एकदा, महिनाअखेरच्या स्थितीनुसार पाठवत असल्यामुळे ५ तारखेचा चुकलेला हप्ता २० तारखेला भरला गेला तर ती थकबाकी बाहेर कळण्याचा संभव कमी होता. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२५ पासून १५ तारखेची आणि महिनाअखेरची अशी दोनदा स्थिती कळवणे बंधनकारक केल्यावर या अर्जदाराची दहा दिवसांची थकबाकी १५ तारखेच्या माहितीबरोबर पुढे गेली. एकट्या अशा नोंदीने गुणांक कोसळत नाही, पण तीन वर्षे 000 ने भरलेल्या चौकटीत ती उठून दिसते, आणि ताजी असल्याने अधिक खुपते. शिवाय कर्ज तपासणारा अधिकारी बँकखात्याचा सहा महिन्यांचा उतारा वेगळा मागवतो आणि त्यात परत गेलेला हप्ता त्याला स्वतंत्रपणे सापडतोच. कर्जाच्या हप्त्याची तारीख पगारानंतर तीन-चार दिवसांनी मागून घेणे ही एवढीशी गोष्ट, पण कर्ज घेताना ती क्वचितच कुणाला सुचवली जाते आणि त्यापायी विनाकारण नुकसान होते.

तिसरी नोंद सर्वांत महागात पडणारी आहे आणि ती या अर्जदाराच्या स्वतःच्या कर्जाची नाहीच. चार वर्षांपूर्वी त्याच्या चुलतभावाने वाशीच्या बाजार समितीत भाजीची वाहतूक करण्यासाठी कर्जावर टेम्पो घेतला, तेव्हा त्याने जामीन म्हणून सही केली. जामीनदारी ही आपल्याकडे नात्याची बाब समजली जाते आणि सही करणारा तो दिवस विसरूनही जातो, परंतु कायद्याच्या दृष्टीने जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराच्या बरोबरीची असते, आणि म्हणून ते कर्ज जामीनदाराच्या पतअहवालातही उमटते. धंदा मंदावल्यावर चुलतभावाचे दोन हप्ते थकले आणि जामीनदाराच्या अहवालातल्या चौकटीत ६० दिवसांच्या आसपासचा आकडा आला, ज्याची त्याला गृहकर्ज नाकारले जाईपर्यंत कल्पना नव्हती. नव्वदच्या सीमेच्या इतक्या जवळ गेलेली अलीकडची नोंद असेल, तर बाकीच्या नोंदी कितीही स्वच्छ असल्या तरी आकडा उतरतोच. एखाद्याला जामीन राहायचेच असेल तर त्या कर्जाचे हप्ते जमा झाल्याची माहिती दरमहा मिळेल अशी व्यवस्था आधी करून घेणे हाच व्यवहार्य मार्ग आहे, आणि त्यात नात्याचा अपमान मानण्याचे कारण नाही.

चौथी नोंद ही एका जुन्या कार्डाची, जे त्याने वापरणे थांबवले पण रीतसर बंद केले नाही. त्याचे वार्षिक शुल्क आकारले गेले, पत्ता बदललेला असल्याने बिले पोहोचली नाहीत, दंडासह रक्कम काही हजारांवर गेली आणि अखेर बँकेने ती 'निर्लेखित' केली, म्हणजे वसुलीचा हक्क न सोडता आपल्या हिशोबातून काढली. अशा वेळी बँकेचा वसुली प्रतिनिधी थोडी रक्कम घेऊन प्रकरण मिटवण्याची तयारी दाखवतो आणि माणसाला सुटल्यासारखे वाटते, परंतु पूर्ण रक्कम न भरता मिटवलेले खाते अहवालात 'बंद' असे न दिसता 'तडजोडीने मिटवलेले' असे दिसते, आणि पुढील धनकोच्या दृष्टीने त्याचा अर्थ 'या माणसाने एकदा पूर्ण पैसे दिले नाहीत' एवढाच होतो. रक्कम किती किरकोळ होती हे अधिकाऱ्याला दिसते, पण पुष्कळ बँकांची पहिली चाळणी संगणकाची असते आणि तिला फक्त शेरा दिसतो.

या चार नोंदींच्या शेजारी जे दिसत नाही तेही तितकेच बोलके आहे. कारखान्याच्या पतसंस्थेचे कर्ज हा अर्जदार अनेक वर्षे एकही हप्ता न चुकवता फेडत आला आहे, आणि परतफेडीची ही त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठी आणि स्वच्छ नोंद होय. परंतु बहुतेक पतसंस्थांची माहिती पतमाहिती कंपन्यांकडे जात नाही. नागरी सहकारी बँकांची जाते, पतसंस्थांची सहसा नाही. त्यामुळे महाराष्ट्रातील असंख्य पगारदार पतसंस्थेच्या आधारे घरातली लग्ने, आजारपणे आणि शिक्षणे पार पाडतात, तरी गुणांकाच्या दृष्टीने त्यांनी कधी कर्ज फेडलेलेच नसते. ज्यांच्या नावावर कोणतेच कर्ज नाही त्यांच्या अहवालात आकड्याऐवजी 'इतिहास नाही' असा अर्थ असलेली खूण येते. ती खूण वाईट पतीची नसते, आणि केवळ पूर्वीचे कर्ज नाही या एकाच कारणाने प्रथमच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेचे बँकांना सांगणे आहे. किमान गुणांक किती असावा याचाही रिझर्व्ह बँकेने नियम केलेला नाही. ७५० हा सर्वतोमुखी झालेला आकडा बँकांच्या स्वतःच्या धोरणांतून आलेला आहे.

आता गुणांक बाजूला ठेवून पगाराकडे वळले तर तिथेही अडचण निघते. बँक पगाराची स्थिरता पाहते हे खरे, पण त्यानंतर त्या पगारातला किती भाग आधीच बांधला गेला आहे हे मोजते, आणि सर्व हप्ते मिळून निव्वळ उत्पन्नाच्या ठरावीक हिश्शाबाहेर जाऊ देत नाही. हा हिस्सा बँकेगणिक आणि उत्पन्नागणिक बदलतो. इथे निम्मा धरू. ६६,००० चा निम्मा भाग ३३,००० होतो. त्यातून पतसंस्थेचे ६,००० वजा होतात, कारण जे कर्ज अहवालात दिसत नाही तेच वेतनचिठ्ठीत मात्र स्पष्ट दिसते. म्हणजे त्याचे श्रेय मिळत नाही पण भार धरला जातो, आणि या व्यवस्थेतील हा अन्याय खरोखरच दुरुस्त होण्याजोगा आहे. मोबाइलचे ३,००० वजा होतात, आणि अनेक बँका कार्डावरील येणे रकमेच्या पाच टक्के दरमहाचा भार म्हणून धरतात, तेही २,७०० गेले. उरले २१,३००. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांच्या मुदतीत दर लाखाला सुमारे ८६८ रुपये हप्ता पडतो, तेव्हा २१,३०० रुपयांत साडेचोवीस लाखांच्या आसपास कर्ज बसते, आणि मागणी ३५ लाखांची, म्हणजे जवळपास ३०,४०० रुपयांच्या हप्त्याची होती. गुणांक उत्तम असता तरीही पूर्ण रक्कम मिळाली नसती.

तिसरी तपासणी घराची असते आणि तिचा अर्जदाराच्या वागणुकीशी किंवा पगाराशी काहीच संबंध नसतो. नवी मुंबईतली नियोजित वसाहत सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर असल्याने जुन्या घराच्या खरेदीत हस्तांतरासाठी सिडकोची परवानगी, मागील सर्व करारांची साखळी आणि इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र बँकेचे वकील मागतात, आणि गावठाणांलगत वाढलेल्या इमारतींत हे कागद बहुधा पूर्ण नसतात. अशा घरावर नाकारलेले कर्ज अर्जदार पुष्कळदा आपल्या 'सिबिल'च्या माथी मारतो, आणि लगेच दुसऱ्या बँकेत, तिथून तिसऱ्या बँकेत अर्ज करतो. प्रत्येक अर्जागणिक त्या त्या बँकेने मागवलेल्या अहवालाची नोंद राहते, आणि थोड्या दिवसांत पाच-सहा चौकशा दिसल्या की त्या पैशाच्या निकडीचे लक्षण मानल्या जातात. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने मात्र गुणांक घटत नाही.

म्हणून नकार मिळाल्यावर पहिले काम नव्या अर्जाचे नसून कारण मागण्याचे आहे. नामंजुरीची मुख्य कारणे लेखी कळवावीत असा रिझर्व्ह बँकेचा बँकांना आदेश आहे, आणि प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा हक्क जानेवारी २०१७ पासून आहे. अहवाल हाती आल्यावर आकड्याआधी नाव, जन्मतारीख, पॅन क्रमांक आणि पत्ते तपासावेत, कारण मराठी नावांत वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये येते, आडनाव कधी आधी तर कधी शेवटी लिहिले जाते आणि लग्नानंतर नाव बदलते, त्यामुळे एका व्यक्तीचा इतिहास दोन तुकड्यांत विभागला जाणे किंवा नामसाधर्म्याने दुसऱ्याचे कर्ज चिकटणे अशा चुका घडतात. चूक दाखवून दिल्यावर ३० दिवसांत निवारण झाले नाही, तर पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देण्याची तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्या भरपाईच्या रकमेपेक्षा निवारणाला ठरावीक मुदत लाभली हे तिचे खरे मोल.

जुईनगरच्या अर्जदाराच्या अहवालात मात्र चूक नव्हती. सर्व नोंदी खऱ्या होत्या, तेव्हा त्याला दुरुस्तीची वाट धरावी लागते, आणि त्या वाटेवर प्रत्येक नोंदीची गती निराळी आहे. कार्डाचे बिल निघण्यापूर्वीच रक्कम भरत गेल्यास वापराचा आकडा एक-दोन महिन्यांत खाली येतो. जुन्या कार्डाची उरलेली रक्कम पूर्ण भरून, बँकेकडून थकबाकी नसल्याचा दाखला घेऊन शेरा बदलून घ्यायला त्याहून अधिक काळ लागतो. चुलतभावाचे हप्ते नियमित झाले तरी थकलेले महिने चौकटीत तीन वर्षांपर्यंत दिसत राहतात, फक्त त्यांच्यावर नवे 000 चढत गेल्याने त्यांचे वजन उतरत जाते. हप्त्यांचा हिशोब त्यामानाने सरळ आहे: मोबाइलचे कर्ज संपून कार्डावरील येणे शून्याजवळ आले की ३३,००० मधून फक्त पतसंस्थेचे ६,००० वजा होऊन २७,००० उरतात, ज्यांत सुमारे ३१ लाखांचे कर्ज बसते, आणि पतसंस्थेचे कर्जही फिटले की तोच पगार, एका रुपयानेही न वाढता, ३८ लाखांपर्यंतच्या कर्जाला पुरतो.